पासून-पर्यंतचा हिशोब

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्याशी एका हिशोबाबद्दल बोलणार आहे. घाबरू नका, त्याला गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही. मोबाईलवरचं कॅल्क्युलेटर पुरेल. आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्या मावश्यांना तर यातलं अर्धं आधीपासूनच ठाऊक आहे, ते कसं हे पुढे कळेलच.

सध्या आपल्या बऱ्याच गटांचे व्यवसाय आराखडे भरायचं काम चालू आहे. आराखड्याच्या कागदावर प्रत्येक ओळीत एक रिकामी जागा असते. कच्चा माल काय भावाने घेणार? माल किती निघणार? काय भावाने विकणार? प्रत्येक जागेत एकच आकडा लिहायचा असतो. पण खरं सांगा, तुम्हाला विचारलं की यंदा तूर काय भावाने मिळेल, तर तुम्ही एक आकडा सांगता का? तुम्ही म्हणता, "सात ते आठ हजाराच्या दरम्यान." म्हणजे तुमचं खरं उत्तर असतं ‘इथपासून इथपर्यंत’. कागदावर मात्र आपण मधलाच कुठला तरी आकडा टाकतो, आणि तिथेच आपल्याला माहीत असलेली निम्मी गोष्ट पुसली जाते.

आजचा मुद्दा एवढाच आहे. दोन्ही टोकं कागदावर ठेवायची आणि दोन्ही टोकांनी हिशोब करायचा. गणितात याला अंतराल अंकगणित म्हणतात. रॅमन मूर नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९६६ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आपण त्याला पासून-पर्यंतचा हिशोब म्हणू.

समजायला एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. दहा जणींचा एक गट आहे, त्यांना मिनी डाळ मिल टाकायची आहे. गावातलीच तूर घ्यायची, डाळ करायची आणि विकायची. आकडे मी समजण्यासाठी सोपे घेतलेत. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, तिथे तुम्ही तुमचे आकडे टाका.

गटाने बसून तीन गोष्टी ठरवल्या :

तूर : क्विंटलला ७,००० ते ८,००० रुपये.
डाळीचा उतारा : एक क्विंटल तुरीतून ६५ ते ७० किलो डाळ.
डाळीचा विक्रीभाव : किलोला ११० ते १३० रुपये.

उताऱ्यात पाच किलोचा फरक का पडतो ते तुम्हाला सांगायला नको. दाणा बारीक की टपोरा, तूर नीट वाळलेली की ओलसर, तेल-पाणी लावल्यावर ऊन कसं मिळालं, यावर तुकडा आणि चुरी किती पडेल ते ठरतं. म्हणून उताऱ्याला एक आकडा देताच येत नाही. वीज, तेल, मजुरीचा खर्च चुरी आणि टरफल विकून निघतो असं आपण सध्या धरू, म्हणजे हिशोब लांबणार नाही. तुमच्या आराखड्यात मात्र त्याचीही दोन टोकं लिहायची.

आधी गुणाकार

एक क्विंटल तुरीच्या डाळीचे पैसे किती येतील? किलो गुणिले भाव. वाईटात वाईट काय होईल? डाळ कमी निघाली आणि भावही पडला. ६५ गुणिले ११०, म्हणजे ७,१५० रुपये. चांगल्यात चांगलं काय? डाळ भरपूर निघाली आणि भावही चढा मिळाला. ७० गुणिले १३०, म्हणजे ९,१०० रुपये. झालं, क्विंटलमागे ७,१५० ते ९,१००. कमीला कमीने गुणायचं, जास्तीला जास्तीने. इथपर्यंत सरळ आहे.

आता एक गोष्ट बघा. उताऱ्यातला फरक फक्त पाच किलोचा होता आणि भावातला वीस रुपयांचा. दोन्ही ऐकायला किरकोळ वाटतात. पण गुणाकार झाल्यावर क्विंटलमागे १,९५० रुपयांचा फरक पडला. आराखड्यात आपण मधला आकडा टाकला असता, समजा ६८ किलो आणि १२० रुपये, तर ८,१६० आलं असतं. आकडा चुकीचा नाही. पण तो एकटाच कागदावर असला की वाचणाऱ्याला वाटतं, एवढे येणारच. त्याच्या खाली हजार रुपयांचा खड्डा आहे हे त्याला दिसत नाही.

मग भागाकार

गटाला डाळीचा विक्रीभाव ठरवायचा आहे. त्यासाठी आधी माहीत हवं की एक किलो डाळ आपल्याला घरात कितीला पडते. तुरीची किंमत भागिले डाळीचे किलो.

इथे पुष्कळ जणी गुणाकाराचाच नियम लावतात. कमीला कमीने भागतात, जास्तीला जास्तीने. करून बघा. ७,००० भागिले ६५ केलं तर साधारण १०८ रुपये येतात. ८,००० भागिले ७० केलं तर साधारण ११४. म्हणजे डाळ १०८ ते ११४ रुपयांना पडते असं वाटतं. किती छान, सहाच रुपयांचा फरक! मग गट म्हणतो, चला, १२० ने विकू, काही झालं तरी किलोमागे सहा रुपये सुटतील.

पण हे उत्तर फसवं आहे. घरातलीच गोष्ट घ्या. एकीच्या वाट्याला सगळ्यात कमी भाकरी कधी येते? भाकरी कमी झाल्या आणि खाणारी तोंडं कमी, तेव्हा का? नाही ना. भाकरी कमी आणि तोंडं जास्त, तेव्हा. आणि सगळ्यात जास्त वाटा कधी? भाकरी जास्त आणि तोंडं कमी, तेव्हा. भागाकारात टोकं उलटी जुळतात. हेच मी म्हटलं, की न शिकलेल्या मावश्यांनाही हे ठाऊक आहे. चूल चालवणारी बाई हा हिशोब रोज करते.

तसंच डाळीचं करू. डाळ सगळ्यात स्वस्त कधी पडेल? तूर स्वस्त मिळाली आणि उतारा चांगला आला. ७,००० भागिले ७०, म्हणजे १०० रुपये. सगळ्यात महाग कधी? तूर महाग मिळाली आणि उतारा कमी आला. ८,००० भागिले ६५, म्हणजे १२३ रुपये आणि वर काही पैसे. तेव्हा खरं उत्तर आहे १०० ते १२४. आता १२० ने विकायचं ठरवलेल्या गटाकडे बघा. वाईट वर्षी किलोमागे सहा रुपये सुटणं दूरच, तीन रुपये खिशातून जातात.

मी १२३ न म्हणता १२४ म्हटलं, ते मुद्दाम. १२३ च्या वर पैसे होते. वरचं टोक लिहिताना वरच्या आकड्यावर न्यायचं आणि खालचं टोक लिहिताना खालच्या आकड्यावर आणायचं. पट्टा थोडा रुंद झाला तरी चालेल, पण खरा आकडा पट्ट्याबाहेर राहता कामा नये. बाहेर राहिला तर सगळी मेहनत वाया.

तोटा आला की नियम बदलतो

आता क्विंटलमागे सुटतात किती ते काढू. विक्रीचे पैसे ७,१५० ते ९,१००, तुरीचे पैसे ७,००० ते ८,०००. वजाबाकीतही टोकं उलटीच जुळतात. वाईटात वाईट म्हणजे विक्री कमी, खरेदी महाग : ७,१५० वजा ८,०००, म्हणजे ८५० रुपयांचा तोटा. चांगल्यात चांगलं म्हणजे ९,१०० वजा ७,०००, म्हणजे २,१०० रुपये नफा. तर क्विंटलमागे ८५० तोट्यापासून २,१०० नफ्यापर्यंत.

हंगामात किती तूर भरडणार? गट म्हणतो, ४० ते ६० क्विंटल. मग हंगामाला काय उरेल?

कमी गुणिले कमी असं केलं तर ४० गुणिले ८५० तोटा, म्हणजे ३४,००० चा तोटा. हेच वाईटात वाईट का? थांबा जरा. तोट्यात चाललेला धंदा जास्त केला तर तोटा कमी होतो की वाढतो? वाढतो! साठ क्विंटल भरडले आणि प्रत्येक क्विंटलला ८५० गेले, तर ५१,००० रुपये जातील. म्हणजे इथे सगळ्यात वाईट उत्तर जास्ती क्विंटलला मिळतं, कमीला नाही.

मग नेमकं कोणत्या टोकाला कोणतं टोक जोडायचं हे लक्षात कसं ठेवायचं? लक्षात ठेवूच नका. कागदावर एक चौकोन काढा. त्याचे चार कोपरे म्हणजे दोन गोष्टींच्या टोकांच्या चार जोड्या. चारही कोपऱ्यांचा गुणाकार करा :

४० क्विंटल, ८५० तोटा : ३४,००० तोटा.
६० क्विंटल, ८५० तोटा : ५१,००० तोटा.
४० क्विंटल, २,१०० नफा : ८४,००० नफा.
६० क्विंटल, २,१०० नफा : १,२६,००० नफा.

चारातलं सगळ्यात खालचं आणि सगळ्यात वरचं उचला. ५१,००० तोट्यापासून १,२६,००० नफ्यापर्यंत. हा चार कोपऱ्यांचा नियम गुणाकाराला कधीच दगा देत नाही, आकडे नफ्याचे असोत की तोट्याचे. भागाकारालाही तोच चालतो, फक्त एक अट आहे. ती आता सांगते.

शून्याने भागायची वेळ आली तर

गटाने मिलसाठी कर्ज घेतलं आहे. हप्ता, शेडचं भाडं असं सगळं मिळून हंगामाला ३०,००० रुपये लागतातच, तूर भरडा की नका भरडू. मग प्रश्न येतो, हे ३०,००० निघायला किती क्विंटल भरडावे लागतील? ३०,००० भागिले क्विंटलमागचा नफा.

नफा २,१०० असला तर ३०,००० भागिले २,१००, म्हणजे साधारण १५ क्विंटल. वा! पण दुसऱ्या टोकाला ८५० तोटा आहे. तोट्याने भागून ‘उणे ३५ क्विंटल’ असं काहीतरी येतं. उणे ३५ क्विंटल तूर कुणी भरडलीय का?

आणि गंमत टोकांवर नाही, मध्ये आहे. ८५० तोटा आणि २,१०० नफा यांच्या मध्ये कुठेतरी शून्य आहे. नफा क्विंटलमागे १०० रुपये झाला तर ३०० क्विंटल भरडावे लागतील. १० रुपये झाला तर ३,००० क्विंटल. १ रुपया झाला तर ३०,००० क्विंटल. शून्याच्या जितकं जवळ जाल तितकं उत्तर फुगत जातं, त्याला वरचं टोकच राहत नाही. शून्य झाला, तर कितीही भरडा, हप्ता निघणारच नाही.

म्हणून अट अशी : ज्या आकड्याने भागायचं त्याच्या दोन टोकांच्या मध्ये शून्य येत असेल, तर चार कोपऱ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. शून्य स्वतःच एक टोक असलं, तरीही नाही. त्या हिशोबाला उत्तर नाही. आणि उत्तर नाही हेच सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे. त्याचा अर्थ, ‘किती भरडू’ हा प्रश्न विचारायची वेळ अजून आलेली नाही. आधी क्विंटलमागचा नफा शून्याच्या वर आणा, मग किती भरडायचं ते बघू.

मधला आकडा धरून केलेल्या आराखड्यात हे कधी दिसलंच नसतं, बरं का. तिथे ८,१६० ची विक्री, ७,५०० ची तूर, क्विंटलमागे ६६० नफा, ३०,००० भागिले ६६०, झाले ४६ क्विंटल. कागद एकदम ठाकठीक. सह्या झाल्या, कर्ज मंजूर झालं. आणि खाली शून्य लपलेलंच.

पट्टा उगाच रुंद होतो तो कसा

या हिशोबाचीही एक खोड आहे, ती माहीत नसली तर तो विनाकारण भीती घालतो.

समजा एका ताईने असं केलं. आधी सगळ्या हंगामाची विक्री काढली : ४० गुणिले ७,१५० पासून ६० गुणिले ९,१०० पर्यंत, म्हणजे २,८६,००० ते ५,४६,०००. मग सगळी खरेदी काढली : ४० गुणिले ७,००० पासून ६० गुणिले ८,००० पर्यंत, म्हणजे २,८०,००० ते ४,८०,०००. आणि मग वजाबाकी केली. वाईटात वाईट म्हणजे २,८६,००० वजा ४,८०,०००. तोटा १,९४,०००! आपल्या आधीच्या हिशोबात तोटा ५१,००० होता. आकडे तेच, मग एवढा फरक कुठून आला?

नीट बघा. २,८६,००० ची विक्री म्हणजे ४० क्विंटलची डाळ विकली. ४,८०,००० ची खरेदी म्हणजे ६० क्विंटल तूर घेतली. साठ घेतली आणि चाळीस विकली, मग वीस क्विंटल तूर गेली कुठे? असं होतच नाही. जेवढी घेतली तेवढीच भरडली. क्विंटलचा आकडा एकच आहे, पण हिशोबात तो दोनदा आला, आणि आपण त्याला एकदा ४० धरलं, एकदा ६०.

यावर उपाय साधा आहे. एकच अनिश्चित आकडा हिशोबात दोनदा येत असेल, तर हिशोबाची मांडणी अशी फिरवा की तो एकदाच येईल. आधी एका क्विंटलचा नफा काढा आणि शेवटी क्विंटलने एकदाच गुणा. आपण आधी तसंच केलं होतं. ज्या गटांना शेळीचा, कोंबडीचा, पापडाचा आराखडा करायचा आहे त्यांनीही आधी एका शेळीचा, एका पक्ष्याचा, एका किलोचा हिशोब करावा. नगाची संख्या सगळ्यात शेवटी.

अशीच अजून एक गोष्ट आहे. तुरीचा भाव आणि डाळीचा भाव सहसा हातात हात घालून चालतात. तूर ८,००० आणि त्याच वेळी डाळ ११०, असं क्वचितच होतं. त्यामुळे आपला ८५० तोट्याचा आकडा जरा जास्तच कडक आहे. पण आपण तूर आज घेतो आणि डाळ दोन-तीन महिन्यांनी विकतो, मधल्या काळात भाव पडू शकतो. म्हणून मी ते टोक काढून टाकणार नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा, की पट्टा सांगतो काय काय होऊ शकतं. त्यातलं काय होण्याची शक्यता जास्त, हे तो सांगत नाही.

पट्टा अरुंद करायचा तो कामाने, पेनाने नाही

आता आपल्या गटाकडे परत या. त्यांच्यापुढे शून्य उभं आहे. काही जणी म्हणतील, आकडे जरा बदलून लिहू, उतारा ६९ ते ७० लिहू. कागद मानेल, पण मशीन मानणार नाही. पट्टा अरुंद करायचा तर माहिती आणावी लागते किंवा काम करावं लागतं.

उतारा : मिल घेण्याआधी, दुसऱ्या गावच्या मिलवर आपल्याच गावची तूर नेऊन बघायची. एकदा नाही, तीन-चार वेगवेगळ्या घरची. प्रत्येक वेळी आधी तूर मोजायची, नंतर डाळ वेगळी, चुरी वेगळी, टरफल वेगळं मोजायचं. समजा असं दिसलं की नीट वाळवलेल्या, चाळलेल्या तुरीचा उतारा ६८ ते ७० येतो आणि ओलसर तुरीमुळेच तो ६५ पर्यंत घसरत होता. मग गटाने नियम करायचा : ओलसर तूर घ्यायची नाही, आली तर आधी वाळवायची. पट्टा झाला ६८ ते ७०.

भाव : ग्रामसंघातल्या घरांकडून, ओळखीच्या दुकानदारांकडून आधीच मागणी लिहून घ्यायची. समजा ११८ ते १२५ च्या दरम्यान घ्यायला माणसं तयार झाली. वरचं टोक १३० वरून १२५ वर आलं, पण खालचं ११० वरून ११८ वर गेलं. अशा सौद्यात आपला फायदाच असतो, कारण आपलं नुकसान खालच्या टोकाला होतं.

तूर : भावावर आपलं चालत नाही, पण निर्णयाच्या वेळेवर चालतं. ज्या दिवशी तूर घेतली त्या दिवशी भाव कळला, पट्टा संपला. समजा हंगामात ७,४०० ने सगळी तूर मिळतेय.

आता पुन्हा हिशोब करू. विक्री : ६८ गुणिले ११८ म्हणजे ८,०२४, आणि ७० गुणिले १२५ म्हणजे ८,७५०. त्यातून ७,४०० वजा. क्विंटलमागे ६२४ ते १,३५० नफा. दोन्ही टोकं शून्याच्या वर आली! आता भागाकार करता येईल. ३०,००० भागिले १,३५० म्हणजे २२ च्या थोडं वर, आणि ३०,००० भागिले ६२४ म्हणजे ४८ च्या थोडं वर. खर्च निघायला चांगल्यात चांगल्या वर्षी २३ क्विंटल लागतील आणि वाईटात वाईट वर्षी ४९.

आणि गट किती भरडणार म्हणाला होता? ४० ते ६०. म्हणजे अजूनही भीती आहे, पण आता ती कुठे आहे ते नेमकं कळलं. ४० च क्विंटल झाले आणि नफाही ६२४ च राहिला, तर २४,९६० रुपये येतील आणि ३०,००० ला ५,०४० कमी पडतील. पण गटाने ५० क्विंटल तरी पक्के केले, तर वाईटात वाईट ३१,२०० येतात आणि हप्ता निघतो.

बघा, प्रश्न कसा बदलला. आधी आपण विचारत होतो, ‘मिल परवडेल का?’ त्याचं उत्तर कुणीच देऊ शकत नव्हतं. आता प्रश्न आहे, ‘पन्नास क्विंटल तूर देणारी घरं आपल्याकडे आहेत का?’ याचं उत्तर पुढच्या आठवड्यात वाडी-वस्तीवर फिरून मिळतं. आणि ती घरं मिळाली नाहीत, तर हप्ता २४,९६० च्या आत बसेल असं लहान कर्ज घ्यायचं, किंवा यंदा थांबायचं. कर्ज दहा जणींच्या नावावर असतं, ताई. चांगलं वर्ष आलं तर वरचे पैसे आपलेच आहेत. बँकेला शब्द मात्र खालच्या टोकाचा द्यायचा.

एक शेवटची सूचना. हा हिशोब टोकांवर उभा आहे. टोकच चुकीचं धरलं, तर पुढचं सगळं गणित बरोबर करूनही उत्तर चुकतं. ते ओळखायचं कसं? प्रत्येक खेपेला खरा उतारा, खरा भाव वहीत लिहा. खरा आकडा आपल्या पट्ट्यात पडला तर ठीक. एकदा जरी बाहेर पडला, समजा उतारा ६६ आला, तर ‘या खेपेला नशीब नव्हतं’ म्हणून सोडू नका. टोक बदला आणि सगळा हिशोब खालपासून परत करा.

तर ज्या गटांचे आराखडे अजून माझ्याकडे यायचे आहेत, त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला दोन रकाने आखा : ‘कमीत कमी’ आणि ‘जास्तीत जास्त’. समोरच्या बाजूला एकच आकडा लागतो, तो लिहा. पण मागची बाजू कोरी ठेवून आराखडा देऊ नका. पुढच्या बैठकीत आपण प्रत्येक गटाचा खालच्या टोकाचा आकडा मोठ्याने वाचू आणि हप्ता त्यात बसतो का ते सगळ्याजणी मिळून बघू.